साडेचार कोटींच्या बेरजेत काय चुकलं?

प्रश्न: मी ३८ वर्षांचा, खासगी नोकरीत. हातात महिना ९५ हजार पडतात. बायको ३५ वर्षांची, घरी शिकवण्या घेते, तिचे साधारण १५ हजार येतात. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४. आई आमच्याकडेच असते. घराचं कर्ज ३४ लाख बाकी, हप्ता ३१,६००, अजून १७ वर्षं. गाडीचे ४ लाख बाकी, हप्ता ११,१००. एसआयपी १० हजार. दोन जुन्या एंडोमेंट पॉलिसी आहेत, ५-५ लाखांच्या, त्यांचा हप्ता महिन्याला ४ हजार पडतो. पीएफमध्ये ११ लाख, म्युच्युअल फंडात ६, एफडी ३ लाखांची. ऑफिसचा ३० लाखांचा ग्रुप टर्म आहे. गावाकडच्या जमिनीत वाटा आहे. शिवाय भावाच्या धंद्याच्या कर्जाला मी जामीन आहे. आता स्वतःचा टर्म विमा घ्यायचा आहे. मित्र म्हणतो पगाराच्या दहापट घे, एजंट म्हणतो ३ कोटी. मी स्वतः मांडून पाहिलं: महिना १ लाख १० हजार गुणिले २० वर्षं, त्यात दोन्ही कर्जं, मुलांच्या कॉलेजचे ३० लाख, लग्नांचे २० लाख, निवृत्तीचा १ कोटी. साडेचार कोटी झाले! बायको म्हणते, एवढे तर आपण जन्मभर कमावणार नाही. नेमका किती घेऊ?

उत्तर: १ कोटी ९० लाख. बाजारात गोल आकडा मिळतो म्हणून २ कोटी घ्या, मुदत तुमच्या साठीपर्यंत. हा आकडा कसा आला ते समजून घ्या, कारण चार-पाच वर्षांनी तो तुम्हालाच पुन्हा काढायचा आहे.

तुम्ही कागद-पेन घेऊन बसलात ते बरं केलंत. गफलत झाली ती पहिल्याच ओळीत. १ लाख १० हजार हा तुमचा खर्च नाही, ती तुम्हा दोघांची मिळून कमाई आहे. त्यातले ४२,७०० दोन हप्त्यांत जातात. ते २० वर्षं धरलेत, आणि खाली ३८ लाखांचं कर्ज पुन्हा जोडलंत. म्हणजे एकच कर्ज दोनदा फेडताय. नुसत्या हप्त्यांचेच २० वर्षांत १ कोटीच्या वर होतात. शिवाय घराचा हप्ता १७ वर्षांत संपतो आणि गाडीचा साडेतीनेक वर्षांत, ते वेगळंच. एसआयपी आणि पॉलिसींचे हप्ते मिळून १४ हजार, तेही तुमच्यानंतर कोणाला भरायचे नाहीत. एसआयपी थांबेल आणि पॉलिसीचे पैसे उलट घरात येतील.

निवृत्तीच्या १ कोटीचंही तसंच. तो तुम्ही दोघं म्हातारे झाल्यावरचा विचार आहे, आणि टर्मचा हिशोब तर तुम्ही नाही आहात असं धरून मांडायचा असतो. अशा वेळी पुढचं आयुष्य काढायचं आहे ते एकट्या बायकोला. तिचा म्हातारपणचा खर्च आपण वर्षं मोजून धरणारच आहोत, मग वेगळा कोटी कशाला? माझ्या स्वतःच्या पहिल्या हिशोबात मी मुलीची शाळेची फी घरखर्चातही धरली होती आणि ‘शिक्षण’ या रकान्यातही. कागद दोन महिने खिशात घेऊन फिरलो, शेवटी ते बायकोनेच दाखवून दिलं.

आता नव्याने मांडू. १ लाख १० हजारांतून हप्ते, एसआयपी आणि पॉलिसी काढली की उरतात ५३ हजार. हाच तुमचा खरा घरखर्च, म्हणजे किराणा, वीज, शाळेची फी, आईची औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं. तरी एकदा बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढून बायकोबरोबर बसाच. महिन्याचा खर्च विचारला की माणूस महिन्याच्या गोष्टी सांगतो. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे गाडीचा विमा, शाळेची टर्म फी, प्रवास, सणवार, हे सगळे सुटतात. ५३ चे ६० निघाले तर पुढचे आकडे त्या प्रमाणात वाढवा.

यातून तुमचा स्वतःचा खर्च वजा करायचा: पेट्रोल, ऑफिसमधलं जेवणखाण, मोबाइल, कपडे. मी ९ हजार धरतो. घरात पाच माणसं आहेत म्हणून पाचवा हिस्सा कापावा असं काही जण सांगतात, पण एक माणूस गेल्याने विजेचं बिल आणि शाळेची फी कमी होत नाही. उरले ४४ हजार. त्यात ३ हजारांची एक नवी ओळ घाला, जी तुमच्या कागदावर नाही आणि बहुतेकांच्या नसते. तुम्ही आरोग्यविम्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे तो ऑफिसचाच असणार. नोकरीबरोबर तो जाईल आणि बायकोला स्वतःचा घ्यावा लागेल. झाले ४७ हजार.

बायकोच्या १५ हजारांपैकी मी १० हजारच धरतो. ती कमी कमावेल असं म्हणायचं नाही. पण अशा प्रसंगानंतर वर्षभर तरी शिकवण्या पूर्ववत होत नाहीत, आणि लहान मुलं व सासू या दोघांचं करणारी ती एकटीच असेल. म्हणजे दरमहा तूट ३७ हजारांची, वर्षाला ४ लाख ४४ हजार. ही तूट धाकटा मुलगा २२ वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे १८ वर्षं चालेल. तोवर बायको ५३ वर्षांची होईल. तिथून पुढे तिचं एकटीचं आयुष्य ८५ पर्यंत धरू, ती ३२ वर्षं. तेव्हा मुलांचा भार नसेल, म्हणून महिना २५ हजार, आजच्या भावाने. तिची कमाई त्या काळात शून्य धरली आहे.

सरळ गुणाकार केला तर १८ वर्षांचे सुमारे ८० लाख आणि पुढच्या ३२ वर्षांचे ९६ लाख, मिळून १ कोटी ७६ लाख होतात. या सरळ गुणाकारात एक गृहीत लपलेलं आहे. पैशावर मिळणारं व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं तो मानतो. महागाई ६ टक्के आणि व्याजही ६ टक्के, तर आजच्या १०० रुपयांत जे येतं तेच पुढेही येईल, ना जास्त ना कमी. कॅल्क्युलेटर नसला तरी हा हिशोब कोणालाही करता येतो, आणि चुकलाच तर सुरक्षित बाजूला चुकतो.

इथेच वेगवेगळ्या वेबसाइट्सचे आकडे एकमेकांपासून कोसभर लांब का असतात ते कळतं. तुमचीच ही तूट, एक रुपयाचाही फरक न करता, मी तीन प्रकारे काढून पाहिली. व्याज आणि महागाई सारखी धरली तर १ कोटी ७६ लाख. पैसा महागाईपेक्षा १ टक्का जास्त वाढतो असं धरलं तर १ कोटी ४१ लाख. आणि परतावा १० टक्के, महागाई ६ टक्के धरली तर अवघे ८६ लाख. घर तेच, माणसं तीच, आणि आकडा निम्म्यावर! म्हणून कोणताही कॅल्क्युलेटर उघडलात तर शेवटच्या उत्तराआधी त्यात परतावा किती टक्के भरून ठेवलाय ते बघा. पुष्कळदा तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो.

१० टक्के धरायला मी तयार नाही. इक्विटीत दीर्घ काळात तेवढं मिळू शकतं हे खरं. पण हा पैसा कोणाच्या हातात आणि कोणत्या दिवशी येणार याचा विचार करा. ज्या बाईला पुढच्याच महिन्यापासून त्यातून ३७ हजार काढायचे आहेत, ती तो सगळा बाजारात ठेवून झोपू शकणार नाही. बाजार पडलेला असताना दरमहा युनिट विकत राहिलं तर मुद्दलच आटतं, आणि बाजार पुढे वर आला तरी विकलेली युनिटं परत येत नाहीत. बराचसा पैसा एफडी, सरकारी योजना आणि थोडा फंडात, असंच ते विभागलं जाईल. महागाईवर १ टक्का हा माझा अंदाज त्यावर बेतलेला आहे. म्हणून १ कोटी ४१ लाख.

कर्जाचे ३८ लाख जसेच्या तसे जोडा. बायको सहकर्जदार असेल तर बँक हप्ता तिच्याकडे मागणारच. चालू हप्ते ती भरत बसण्यापेक्षा एकरकमी फेड बरी. घराचं कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. फक्त एक बघा, कर्ज घेताना बँकेने त्याबरोबर कर्जसुरक्षा विमा गळ्यात घातला होता का? त्याचा एकरकमी हप्ता बऱ्याचदा कर्जातच मिळवलेला असतो आणि घेणाऱ्याला आठवतही नाही. मंजुरीपत्राच्या फाइलमध्ये त्याचं प्रमाणपत्र सापडलं, तर आज त्याचं कव्हर किती उरलं आहे ते विचारून घ्या आणि तेवढी रक्कम ३८ लाखांतून कमी करा.

कॉलेजचे ३० लाख मात्र तुम्ही कमी धरलेत. दोघांना आजच्या भावाने १५-१५ लाख हे ठीक आहे, पण फी साध्या महागाईने वाढत नाही. ती ९ टक्क्यांनी वाढेल आणि पैसा ७ टक्क्यांनी, असं धरलं तर मुलीच्या ९ वर्षांनंतरच्या कॉलेजसाठी आज बाजूला साडेसतरा लाखांच्या आसपास लागतात आणि मुलाच्या १४ वर्षांनंतरच्या कॉलेजसाठी साडेएकोणीस. मिळून ३७ लाख. शाळेची फी यात धरू नका, ती घरखर्चात आली आहे.

लग्नांचे २० लाख मी काढून टाकले. यावर तुमच्या आईंचं मत वेगळं असू शकतं, आणि घरात एकमताने ठरलं तर खुशाल ठेवा. पण फी भरली नाही तर मुलाचं वर्ष जातं. लग्न २० लाखांत होतं तसं ५ लाखांतही होतं. जो खर्च आकसू शकतो त्याच्यासाठी वीस-बावीस वर्षं विम्याचा हप्ता भरावा असं मला वाटत नाही.

शेवटचे ३ लाख दवाखान्याचं राहिलेलं बिल आणि दावा मंजूर होईपर्यंतचे महिने यासाठी. सगळं मिळून २ कोटी १९ लाख.

आता वजाबाकी. पीएफचे ११ लाख, फंडाचे ६, एफडीचे ३ आणि एंडोमेंटचे १० लाख. मिळून ३० लाख. एंडोमेंटवर जमलेला बोनसही मिळेल, तो वरकड समजा. २ कोटी १९ मधून ३० गेले, १ कोटी ८९ उरले.

ऑफिसचे ३० लाख मी का धरले नाहीत, हे तुम्ही विचारणारच. ते कव्हर तुमचं नाही, तुमच्या खुर्चीचं आहे. नोकरी बदलली, कपात झाली किंवा आजारपणामुळे सोडावी लागली की शेवटच्या दिवशी ते संपतं. यातली शेवटची शक्यता सगळ्यात वाईट. आजारी पडून नोकरी सुटलेल्या माणसाला नवा टर्म प्लॅन एकतर मिळत नाही किंवा वाढीव हप्त्याने मिळतो. पीएफबरोबर येणारा ईडीएलआयचा विमा, जो जास्तीत जास्त ७ लाखांचा असतो, ग्रॅच्युइटी, बायकोला मिळू शकणारं छोटंसं पेन्शन, हे सगळंही नोकरीला चिकटलेलं. त्या वेळी मिळालं तर चांगलंच, पण त्यावर हिशोब उभा करू नका. गावच्या जमिनीतला वाटाही तसाच. सातबाऱ्यावर नाव असणं वेगळं आणि वाटणी होऊन, गिऱ्हाईक मिळून पैसे हातात येणं वेगळं. राहत्या घराची किंमत तर धरायचीच नाही, तिथे ती मंडळी राहणार आहेत.

भावाच्या कर्जाची जामीनकी तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, पण या सगळ्या पत्रात मला तीच जास्त खुपली. जामीनदार गेला म्हणून तोवरची जबाबदारी पुसली जात नाही. भावाने थकवलं तर बँक तुमच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर हक्क सांगू शकते. म्हणून ती रक्कम कव्हरमध्ये मिळवायची का? नाही. ती फेडायला विमा काढणं म्हणजे भावाच्या धंद्याचा विमा तुम्ही काढणं. त्याऐवजी ही पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. एजंट त्याला ‘एमडब्ल्यूपी’ म्हणतात. विवाहित पुरुषाने बायको-मुलांच्या नावे अशी पॉलिसी घेतली की तिचे पैसे त्याच्या मालमत्तेत धरलेच जात नाहीत, त्यामुळे देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही.

यात दोन गोष्टी सांभाळा. हे पॉलिसी काढतानाच करावं लागतं, प्रस्तावाबरोबर वेगळी पुरवणी असते. पॉलिसी हातात आल्यावर आठवून उपयोग नाही. आणि एकदा लाभार्थी लिहिले की मागे फिरता येत नाही, म्हणून बायको आणि दोन्ही मुलांचे हिस्से आधी ठरवा. आईला यात लाभार्थी करता येत नाही. त्यांच्यासाठी एंडोमेंटपैकी एकीवर त्यांचं नाव नॉमिनी म्हणून लावता येईल. तसं केलंत तर त्या ५ लाखांचा उपयोग त्यांच्याच खर्चाला होईल हे घरात बोलून ठेवा, कारण वरच्या ४७ हजारांत त्यांचा खर्च आधीच धरलेला आहे.

मित्राच्या दहापटीने तुम्ही १ कोटी १४ लाखांवर थांबला असता, म्हणजे सुमारे ७५ लाख कमी. त्याच्या घरात कदाचित कर्ज नसेल आणि बायकोचा पगार त्याच्याइतकाच असेल. मग त्याला ते पुरेल. एजंटाचे ३ कोटी हे बहुधा तुमच्या उत्पन्नावर कंपनी जास्तीत जास्त किती देऊ शकते याचा आकडा आहे. गरजेचा तो नाहीच. तो ‘हप्ते परत मिळणारा’ टर्म दाखवत असेल तर साध्या टर्मचं कोटेशन शेजारी ठेवून दोन हप्ते बघा. फरक तिथेच दिसतो. तुमच्याकडे जुनं कोटेशन असेल तर नवं मागवा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे.

मुदत साठीपर्यंतच. घराचं कर्ज तुमच्या ५५ व्या वर्षी संपतं, मुलगा तुमच्या ५६ व्या वर्षी २२ चा होतो. ७५ किंवा ८५ पर्यंतचं कव्हर म्हणजे मागे कोणी अवलंबून नसताना भरलेला हप्ता.

एक शंका तुम्हाला येईल. आजचे १ कोटी ९० लाख बारा वर्षांनी किती? ६ टक्के महागाईने त्यात साधारण आजच्या ९५ लाखांएवढंच येईल. तरी वाढत्या कव्हरचा महाग प्लॅन मी सुचवत नाही, कारण तोपर्यंत गाडीचं कर्ज संपलेलं असेल, घराचं साडेपंधरा लाखांवर आलेलं असेल, मुलगी २१ ची असेल आणि एसआयपी व पीएफ फुगलेला असेल. खड्डा एका बाजूने खोल होतो आणि दुसऱ्या बाजूने भरत येतो. पण ही भर एसआयपी चालू राहिली तरच आहे. ती मधेच मोडून मोठी गाडी घेतलीत, घर बदलून कर्ज वाढवलंत, किंवा बायकोच्या शिकवण्या कायमच्या बंद झाल्या, तर हाच कागद पुन्हा काढा. आज तब्येत ठणठणीत आहे तोवर आणखी ५० लाखांची दुसरी पॉलिसी जोडणं सोपं जातं. मधुमेहाचा रिपोर्ट हातात आल्यावर तेच अवघड होतं.

ग्रुप टर्म आणि दोन्ही एंडोमेंट प्रस्तावात न विसरता लिहा. फॉर्म एजंटाला भरू दिलात तरी सही करण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा, विशेषतः तंबाखू आणि जुन्या आजारांचे रकाने. हा हिशोब जिथे मांडलात तो कागद पॉलिसीच्या फाइलमध्येच ठेवा आणि वर बायकोच्या अक्षरात लिहून घ्या: आधी कर्ज, मग कॉलेजचे ३७ लाख वेगळे, उरलेल्यातून महिना ३७ हजार.